थीसिसचा फॉर्म भरायच्या आधी मशीनची वही बघ

*ताई, मी मूळचा सांगलीचा, ऑगस्टपासून ओहायोत मेकॅनिकलमध्ये एमएस करतोय. डिग्री ३० क्रेडिटची आहे, थीसिस घेतला तर २४ क्रेडिटचे कोर्स आणि ६ थीसिसचे, नाहीतर सरळ १० कोर्स. जानेवारीपर्यंत ठरवून फॉर्म द्यायचाय. एक प्रोफेसर थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमच्या फटीगवर थीसिस देतो म्हणतात, दोन हीट ट्रीटमेंटची तुलना करायची. पैशाचं विचारलं तर "बघू पुढे" म्हणाले. पुढे कधीतरी पीएचडी करावीशी वाटते पण खात्री नाही. घरी ४० लाखांचं लोन आहे, ११ टक्क्यांनी. रूममेट म्हणतो थीसिस म्हणजे फुकटची हमाली, इंडस्ट्रीत कुणी विचारत नाही. काय करू?*

तुझा रूममेट निम्मा बरोबर आहे, आणि त्याचं बरोबर असलेलं निम्मं आधी उरकून टाकते. थीसिसवाला असो की कोर्सवाला, डिग्रीच्या कागदावर दोघांच्याही एमएस एवढंच येतं. नोकरी देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची एचआर थीसिस होता की नव्हता हे बघतही नाही. व्हिसाच्या नियमांनाही फरक पडत नाही, डिग्रीनंतर काम करायच्या परवानगीचे, म्हणजे ओपीटीचे, १२ महिने आणि त्यावरचे स्टेमचे २४ महिने दोघांना सारखेच, एच-वन-बीच्या लॉटरीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी ज्या २०,००० जागा वेगळ्या ठेवल्यात त्यातही थीसिसवाला आणि कोर्सवाला एकाच रांगेत. म्हणजे निव्वळ नोकरी आणि व्हिसा एवढंच बघायचं तर थीसिसने तुझ्या पदरात जास्तीचं काही पडत नाही.

पण नोकरीवर थीसिसचा परिणाम होतो तो दुसऱ्याच जागी, आणि ती जागा म्हणजे उन्हाळा. तू ऑगस्टला आलास, म्हणजे येत्या मे महिन्यात तुझं एक अॅकॅडेमिक वर्ष पुरं होईल आणि सीपीटीवर, म्हणजे शिकता शिकता काम करायच्या परवानगीवर, समर इंटर्नशिप करता येईल. इंजिनिअरिंगमध्ये नोकरीचा सगळ्यात सोपा रस्ता हाच, तीन महिने आत जाऊन काम करायचं आणि त्यांनी पसंत केलं तर दिवाळीच्या आसपास ऑफर हातात. आता प्रयोगाचा थीसिस असला की प्रोफेसरांनाही तू नेमका त्याच तीन महिन्यांत लॅबमध्ये हवा असतोस, कारण तेव्हा क्लास नसतात आणि मशीन मोकळी असतात. माझं हेच झालं. मी उन्हाळाभर सॅम्पल पॉलिश करत बसले आणि माझी रूममेट, जिचे नुसते कोर्स होते, ती पंप बनवणाऱ्या एका कंपनीत जाऊन आली आणि ऑक्टोबरमध्ये तिचं नोकरीचं टेन्शन संपलंसुद्धा, मी तेव्हा पहिला सॅम्पल मशीनला लावत होते. तिचे ग्रेड माझ्यापेक्षा कमी होते हे सांगायला मला आजही आवडतं.

उरलेलं निम्मं मात्र त्याचं चूक आहे. टेस्टिंग, मटेरियल, सिम्युलेशन, नवीन प्रॉडक्टचं डेव्हलपमेंट असल्या टीममध्ये इंटरव्ह्यू घेणारा माणूस इंजिनिअर असतो आणि तो थीसिसवरच घसरतो. माझ्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी स्लाइड लावली, त्यात दोन सॅम्पल ग्रिपपाशी तुटलेले होते, मधल्या बारीक भागात नाही, आणि मी ते ग्राफमधून का काढून टाकले यावर चाळीस मिनिटं गेली. अलाइनमेंट कशी तपासलीस, बेंडिंग किती होतं, हे तुला कसं कळलं, कधी कळलं. मला घाम फुटला होता पण नोकरी त्या चाळीस मिनिटांवरच मिळाली, कारण कोर्समध्ये असला प्रश्नच कधी येत नाही, तिथे सॅम्पल नेहमी मध्येच तुटतो. तेव्हा तुला कुठल्या खोलीत बसायचंय ते बघ. प्रॉडक्शन, क्वालिटी, सप्लाय चेन, प्रोजेक्ट मॅनेजमेंट असेल तर रूममेटचं ऐक.

आता पीएचडी. इथे जवळजवळ सगळे एक गोष्ट उलटी समजतात. लोकांना वाटतं पीएचडीच्या अर्जाला थीसिस जोडायचा असतो. अरे, अमेरिकेत पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये जातात आणि तू एमएस झाल्या झाल्या पीएचडी करायची म्हटलीस तर पुढच्या डिसेंबरला तुझा थीसिस अर्धाही झालेला नसेल. मग अॅडमिशन कमिटीच्या हातात काय जातं, तर तीन शिफारसपत्रं. ज्यांच्याकडे नुसता कोर्स केलास ते प्रोफेसर बिचारे मनापासून लिहितात की हा विद्यार्थी माझ्या वर्गात होता, त्याला ए मिळाला, तो अभ्यासू आहे. असली पत्रं प्रत्येक अर्जात तीन-तीन असतात, वाचणारा त्याच्यावरून पटकन पुढे जातो. ज्याच्या लॅबमध्ये तू आठ महिने काढलेस तो लिहितो की सॅम्पल किती लांबतो ते मोजणारा एक्स्टेन्सोमीटर सरकत होता हे याने स्वतः शोधलं, आधीच्या दोन महिन्यांचा डेटा फेकून द्यायची तयारी दाखवली आणि पुन्हा टेस्ट केल्या. कमिटी या एका पत्रावर थांबते. म्हणजे पीएचडीसाठी तुला थीसिसची जाडजूड वही नको आहे, तुझं काम डोळ्यांनी बघितलेला एक माणूस हवाय. ही गोष्ट डोक्यात ठेव, शेवटी याच्यावरच येणार आहे.

यात एक मोठा अपवाद आहे आणि तो तुला लागू होऊ शकतो. अमेरिकेत बरेच विभाग बीईनंतर थेट पीएचडीला घेतात, त्यामुळे एमएसला थीसिस नव्हता म्हणून कुणी दार लावून घेत नाही, फार तर काही ठिकाणी नाक मुरडतात. अमेरिकेबाहेर तसं नाही. कॅनडात कोर्सवाली एमइंज आणि थीसिसवाली एमएएससी अशा दोन डिग्र्याच वेगळ्या आहेत आणि पीएचडीला साधारणपणे दुसरी मागतात. जर्मनीत तर मास्टर्स म्हटलं की सहसा सहा महिन्यांचा थीसिस त्यातच धरलेला असतो, तिथे नुसत्या कोर्सची डिग्री घेऊन गेलास तर ती त्यांच्या डिग्रीच्या बरोबरीची आहे का हा प्रश्न निघू शकतो. तेव्हा "पुढे कधीतरी पीएचडी" म्हणताना तुझ्या मनात कुठला देश आहे हे एकदा स्वतःला विचार. युरोप, कॅनडा मनात असेल तर थीसिसचं पारडं एकदम जड होतं.

आता तुझ्या विषयाकडे येऊ, कारण मला खरी भीती तिथेच वाटते. थीसिस की कोर्स हा वाद लोक चहावर घालत बसतात आणि मिळालेला विषय दिलेल्या वेळात संपतो का, हा हिशोब कुणीच करत नाही. कागद घे आणि माझ्याबरोबर कर.

दोन हीट ट्रीटमेंट. प्रत्येकीचा एस-एन कर्व्ह, म्हणजे किती ताण पुन्हापुन्हा दिला की सॅम्पल किती सायकलनंतर तुटतो त्याचा ग्राफ, काढायचा म्हणजे पाच तरी स्ट्रेस लेव्हल आणि प्रत्येक लेव्हलला तीन सॅम्पल, कारण फटीगमध्ये एकाच लेव्हलला दोन सॅम्पलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक येतो, आणि प्रिंट केलेल्या धातूत आतली बारीक छिद्रं असतात त्यामुळे तर जास्तच. झाले ३० सॅम्पल. वरच्या लेव्हलचे सॅम्पल काही तासांत तुटतात, त्यांची चिंता नको. सगळ्यात खालच्या लेव्हलला मात्र न तुटता १ कोटी सायकल गेल्या की थांबायचं, याला रनआउट म्हणतात, अशी पद्धत आहे. सर्वो-हायड्रॉलिक मशीन साधारण १० हर्ट्झवर चालवलंस, म्हणजे सेकंदाला १० सायकल, तर १ कोटीला लागतात १० लाख सेकंद. दिवसांत कर. साडेअकरा दिवस. एका सॅम्पलला, रात्रंदिवस, मध्ये वीज न जाता. असे सहा सॅम्पल म्हणजे ६९ दिवस. त्याच्या वरच्या लेव्हलचे सहा समज १० लाख सायकलच्या आसपास तुटले, तर प्रत्येकी २८ तास, म्हणजे आणखी ७ दिवस. बाकीचे किरकोळ धरून एकूण ८० दिवस मशीन फक्त तुझं हवं. आणि लॅबमध्ये मशीन कुणाचंच एकट्याचं नसतं, तिथे दोन-तीन पीएचडीवाले आधीपासून ठाण मांडून असतात. तुला निम्मा वेळ मिळाला तर १६० दिवस.

आता शेवटाकडून मागे ये. मे महिन्यात डिग्री हवी तर थीसिसची अंतिम प्रत साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत ग्रॅज्युएट स्कूलला जायला लागते, तुझ्याकडची नेमकी तारीख त्यांच्या कॅलेंडरवर असेल. त्याआधी दोन आठवडे दुरुस्त्यांना, म्हणजे डिफेन्स मार्चअखेर. कमिटीच्या तीन लोकांना प्रत दोन आठवडे आधी द्यायची, म्हणजे मार्चच्या मध्यात. प्रोफेसर एकदा वाचणार, लाल करणार, पुन्हा वाचणार, त्याला महिना धर, म्हणजे पहिला मसुदा फेब्रुवारीच्या मध्याला. लिहायला सहा आठवडे. म्हणजे ३१ डिसेंबरला शेवटची टेस्ट संपलेली पाहिजे. १ सप्टेंबरला सुरू केलंस तर तुझ्या हातात १२२ दिवस आहेत आणि तुला लागतात १६०. तेही सगळे सॅम्पल ऑगस्टअखेर प्रिंट होऊन, हीट ट्रीटमेंट होऊन, वर्कशॉपच्या रांगेतून मशीनिंग होऊन तयार असतील तर. बसत नाही. माझ्या वेळी तर मध्येच हायड्रॉलिक पंप गेला, सुटा भाग यायला सहा आठवडे लागले आणि सेमिस्टर गेलं ते गेलंच.

आणि हे प्रोफेसरांना माहीत नसतं असं अजिबात नाही. त्यांच्या दृष्टीने पाच महिने इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही, त्यांचं ग्रँट तीन वर्षांचं असतं. तुझं गणित वेगळं आहे. ४० लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला साधारण ३६-३७ हजार नुसतं व्याज चढतं, एक सेमिस्टर लांबलं की चार महिन्यांचे जवळपास दीड लाख, त्यात तुझं तिथलं भाडं-जेवण, एखाद्या क्रेडिटची फी आणि चार महिन्यांचा न मिळालेला पगार. पगाराचा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि तोच कुणी मोजत नाही.

ओपीटीचंही इथेच अडकतं. अर्ज डिग्री संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, लोक उत्साहात करून टाकतात, मग थीसिस लांबतो. सगळे कोर्स झाले आणि फक्त थीसिस उरलाय अशा वेळीही ओपीटी घेता येतो, नियमात तशी सोय आहे, पण तारीख एकदा मंजूर झाली की घड्याळ चालू, मग तू लॅबमध्ये सॅम्पल मोजत बसलास तरी १२ महिन्यांतले दिवस जातातच आणि नोकरी नसेल तर बेरोजगार राहायला मिळणाऱ्या ९० दिवसांतलेही. म्हणून अर्ज करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन समोरासमोर बोल, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस, नियम बदलत असतात.

बरं, मग तुझ्यासाठी काय. मला विचारशील तर फॉर्मवर आत्ता कोर्सवर्क लिही, आणि जानेवारीच्या सेमिस्टरला याच प्रोफेसरांकडे ३ क्रेडिटचा इंडिपेंडंट स्टडी घे. बहुतेक विभागांत हे चालतं आणि एका कोर्सच्या जागी मोजलंही जातं, फक्त किती क्रेडिटपर्यंत चालतं आणि नंतर थीसिसला बदलता येतं का, हे ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना ईमेलवर विचार म्हणजे उत्तर लेखी राहील. चार महिन्यांत तू दोन-चार सॅम्पल प्रिंट करशील, कापून मायक्रोस्कोपखाली छिद्रं मोजशील, मशीन लावायला शिकशील. जमलं, माणूस चांगला निघाला, तर मे महिन्यात थीसिसला बदल. नाही जमलं तर एक कोर्स झाला असं समज, आणि तरीही तुझं काम बघितलेला एक माणूस तुझ्या खात्यात जमा झाला. पीएचडीला लागतो तो हाच, थीसिस न घेताही मिळू शकतो. पाच वर्षं नोकरी करून पीएचडीला वळलास तर कोर्सच्या प्रोफेसरला तुझा चेहराही आठवणार नाही, याला आठवेल.

बदलायच्या आधी मात्र प्रोफेसरांशी तीन गोष्टी बोलून घे, आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी "आपलं असं ठरलं" असा चार ओळींचा ईमेल टाक. पहिलं म्हणजे विषय कापा. दोनऐवजी एकच हीट ट्रीटमेंट ठेवली की मशीनचे दिवस निम्मे होतात, किंवा रनआउट १ कोटीऐवजी २० लाखांवर आणला की ते साडेअकरा दिवस सव्वादोन दिवसांवर येतात आणि खालच्या लेव्हलचे सहाही सॅम्पल दोन आठवड्यांत संपतात. दुसऱ्या मार्गाने फार लांबच्या आयुष्याबद्दल तुला बोलता येणार नाही, ते थीसिसमध्ये स्पष्ट लिहायचं, एमएसला चालतं. हे ऐकून ते "ठीक आहे, बघू कसं करता येईल" म्हणाले तर माणूस कामाचा आहे. "आधी सुरू तर कर" म्हणाले तर सावध हो.

दुसरं उन्हाळा. इंटर्नशिपला जाऊ देणार का? नाही देणार तर उन्हाळ्याचे पैसे देणार का? लॅबमध्ये फुकट राबून इंटर्नशिपही सोडायची, हे लोन डोक्यावर असताना परवडत नाही, आणि हे विचारण्यात लाज वाटायचं काही कारण नाही, तिथे सगळे विचारतात.

तिसरं ते "बघू पुढे". रिसर्च असिस्टंटशिप म्हणजे आठवड्याला २० तास काम, त्याचा स्टायपेंड आणि सहसा फीमाफी किंवा तिचा मोठा भाग. हे खरंच मिळत असेल तर माझं वरचं सगळं गणित फिरतं. दोन सेमिस्टरची फी वाचत असेल तर एक सेमिस्टर लांबलं तरी तू फायद्यात आहेस, मग डोळे झाकून थीसिस घे. पण ऑफर लेटर आल्यावर. तोपर्यंत पैसे नाहीत असंच धरून चाल.

या माणसाकडे थीसिस वेळेवर होतात का, हे त्यालाच विचारण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर जुने थीसिस असतात, तिथे गाईडच्या नावाने शोध. गेल्या पाच-सहा वर्षांत एमएसचे किती झाले ते बघ, पीएचडीचे सोडून दे. एकही नसेल तर तू पहिला प्रयोग आहेस. असतील तर त्या मुलांनी एमएस कधी सुरू केलं ते त्यांच्या लिंक्डइनवर सापडतं, डिग्रीचा महिना थीसिसवर असतोच, वजाबाकी कर. आणि आभाराचं पान वाच. ज्याने गाईडचे दोन ओळीत आभार मानून लॅब टेक्निशियनला अख्खा परिच्छेद दिलाय, त्याच्या लॅबमध्ये कामं कोण करवून घेतं ते तुला कळेल. त्या टेक्निशियनशी आत्तापासून ओळख वाढव, तो माणूस तुझे महिने वाचवू शकतो.

पण या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच, एक कर. फटीग मशीनपाशी एक वही लटकवलेली असते, नाहीतर लॅबचं एखादं बुकिंग कॅलेंडर असतं. गेल्या सहा महिन्यांची पानं चाळ. कुणाचं नाव किती दिवस आहे, मशीन किती दिवस बंद होतं, नवीन पोराला सलग बारा रात्री कधी मिळाल्यात का, ते मोजून घे आणि मग मला पुन्हा लिही.